छायाप्रतीतल्या गुणांची बेरीज: ५३, ४४ आणि मधले ४७

"मुलीच्या बारावीच्या फिजिक्सच्या पेपरची छायाप्रत बोर्डाकडून आली. सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून इथे जोडलेत, एकूण २७. आतले लाल आकडे मी दोनदा मिळवले, दोन्ही वेळा ५३ आले. पहिल्या पानावर परीक्षकांनी ४४ लिहिलेत. नऊ गुणांचा फरक आहे. चूक त्यांची की माझी? अर्ज करावा का?"

अर्ज जरूर करा, पण नऊ गुणांसाठी नाही, तीन गुणांसाठी. तुमचे सगळे फोटो मी दोन बैठकांत पाहिले. आतल्या पानांवर दिलेल्या गुणांची खरी बेरीज ४७ होते. ५३ मधले सहा गुण तुमच्या मोजणीत जादा आले आहेत आणि ४४ मध्ये तीन गुण परीक्षकांकडून राहून गेले आहेत. हे तीन गुण कोणत्या प्रश्नाचे, कोणत्या पानावरचे आणि कसे सुटले, हे पुढे दाखवतो. तुमचे सहा कुठून आले तेही दाखवतो. अर्जात ५३ लिहिलेत तर तुमचा खरा मुद्दा त्यातच बुडून जाईल.

आधी एक काम करा. पहिल्या पानाच्या फोटोत आसन क्रमांक आणि बारकोड स्पष्ट दिसतो आहे. तो झाकून फोटो पुन्हा टाका.

मी २६ वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. त्यातली बरीच वर्षं आधी परीक्षक आणि नंतर नियामक म्हणून उत्तरपत्रिका पाहिल्या. पालक छायाप्रत घेऊन येतात तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण तुम्ही केलंत तेच करतो. पानं उलटत जातो, दिसेल तो लाल आकडा मिळवतो आणि शेवटी आलेला आकडा पहिल्या पानावरच्या टोटलशेजारी ठेवतो. असं करून फरक आहे एवढंच कळतं. फरक कुठे आहे ते कळत नाही. शिवाय दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या असतील, तर त्या वेगळ्या करायला काहीच मार्ग उरत नाही. तुमच्या बाबतीत चार वेगवेगळ्या गोष्टी मिळून नऊचा फरक झाला आहे.

फोटोंपासून सुरुवात करू, कारण बेरजेच्या आधीची पहिली गफलत तिथेच आहे. छायाप्रतीत मूळ उत्तरपत्रिकेची २२ पानं आणि पुरवणीची ४, अशी २६ पानं आहेत. तुमचे फोटो २७. म्हणजे एक पान दोनदा आलं आहे. नववा आणि दहावा फोटो शेजारी ठेवून बघा. नववा जरा हलला आहे म्हणून तुम्ही लगेच दुसरा काढलात, पण पहिला खोडायचा राहिला. त्या पानावर प्रश्न ७ संपतो आणि समासात गोलात २ आहेत. हे २ तुमच्या बेरजेत दोनदा धरले गेले. दोन वेळा मिळवूनही ५३ च आले याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल, पण दोन्ही वेळा तुम्ही तेच २७ फोटो उलटले. बेरीज पुन्हा करून असली चूक सापडत नाही. ती पानं मोजूनच सापडते. म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधी प्रतीतली पानं आणि फोटो जुळतात का ते पाहा, आणि पुरवणी किती जोडल्या हे पहिल्या पानावर लिहिलेलं असतं त्याच्याशी ताळा करा. पान दुबार आलं तर गुण वाढतात. पान गळालं तर गुण कमी होतात, आणि ते जास्त वाईट, कारण मग परीक्षकांची सुटलेली नोंद तुम्हालाही दिसत नाही.

फोटो काढतानाची आणखी एक गोष्ट. तुमचे फोटो साध्या कॅमेऱ्याने काढलेले आहेत, ते बरं झालं. बरेच जण स्कॅन करायचं ॲप वापरतात. ते कागद पांढराशुभ्र करण्याच्या नादात फिकट लाल शाई खाऊन टाकतं. ½ मधली बारीक रेघ तर पहिल्यांदा जाते. समासातला आकडा पानाच्या कडेला असतो, त्यामुळे फोटोत चारही कडा आल्या पाहिजेत. तुमच्या एकोणिसाव्या फोटोत डावी कड कापली गेली आहे. तिथे प्रश्न १८ चा गोल अर्धाच दिसतो. मला तिथे १ आणि त्याच्यापुढे तिरकी रेघ दिसली, म्हणजे १½ असावेत. पहिल्या पानावरच्या तक्त्यातही प्रश्न १८ पुढे १½ आहेत, म्हणून मी ते धरले. तरी मूळ छायाप्रतीत एकदा स्वतः पाहून खात्री करा.

आता पानावर कोणता आकडा बेरजेत धरायचा आणि कोणता नाही, हे. परीक्षक एकाच उत्तरावर दोन थरांत गुण लिहितो. उत्तर भागाभागाचं असेल तर प्रत्येक भागाशेजारी त्याचे गुण, आणि मग त्यांची बेरीज प्रश्नाच्या समासात गोल करून. सीबीएसईच्या परीक्षकांना दिल्या जाणाऱ्या सूचनांत हे अगदी नेमकं लिहिलेलं असतं: भागांचे गुण उजवीकडे, त्यांची बेरीज डाव्या समासात आणि तिला गोल. आपल्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकांत प्रत्येकाचा हात थोडा वेगळा दिसतो, पण भागांचे गुण आणि प्रश्नाचे गुण या दोन वेगळ्या नोंदी असतात. बेरजेत फक्त प्रश्नाचे गुण जातात. भागांचे गुण हे त्या गोलातल्या आकड्याचा हिशोब असतात.

तुमचा प्रश्न २७ घ्या. चार गुणांचा प्रश्न, समीकरण सिद्ध करायला २ आणि उदाहरणाला २. मुलीने समीकरण नीट सिद्ध केलंय, तिथे २ आहेत. उदाहरणात सूत्र आणि किमती बरोबर, उत्तर चुकलं, म्हणून १. समासात गोल करून ३. पानावर लाल आकडे तीन आहेत: २, १ आणि ३. तुम्ही तिन्ही मिळवून ६ धरले. प्रश्न चार गुणांचा आहे, त्यात सहा मिळणं शक्यच नाही. बेरीज करताना प्रश्नपत्रिका उघडी ठेवून प्रत्येक प्रश्नाचे कमाल गुण शेजारी लिहिले असते, तर हे तिथल्या तिथे अडलं असतं. कमाल गुणांचं हे कुंपण आकडा वाचतानाही उपयोगी पडतं. मराठी किंवा इतिहासाच्या पेपरात काही परीक्षक देवनागरी आकडे लिहितात. घाईत लिहिलेला १ फोटोत इंग्रजी नवासारखा दिसतो आणि ५ इंग्रजी चारासारखा. प्रश्न दोन गुणांचा असेल तर तो नऊ नाही, एकच आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही.

तुमच्या बेरजेतला सहावा जादा गुण विभाग ब मधला आहे. फिजिक्सचा लेखी पेपर ७० गुणांचा. विभाग अ मध्ये प्रश्न १ म्हणजे दहा बहुपर्यायी, १० गुण, आणि प्रश्न २ म्हणजे आठ अतिलघुत्तरी, ८ गुण. विभाग ब मध्ये प्रश्न ३ ते १४ पैकी कोणतेही आठ, प्रत्येकी २. विभाग क मध्ये प्रश्न १५ ते २६ पैकी कोणतेही आठ, प्रत्येकी ३. विभाग ड मध्ये २७ ते ३१ पैकी कोणतेही तीन, प्रत्येकी ४. म्हणजे १०, ८, १६, २४ आणि १२. मुलीने विभाग ब मध्ये आठऐवजी नऊ प्रश्न सोडवले आहेत. परीक्षकांनी नऊही तपासले आणि प्रश्न १४ च्या १ गुणावर तिरकी रेघ मारून शेजारी ज्यादा असं लिहिलं. तो गुण टोटलमध्ये धरायचा नसतो. तुम्ही तो धरलात. रेघ बारीक आहे, फोटोत चटकन दिसत नाही, हे मान्य. पण नऊ उत्तरं आहेत एवढं मोजलं असतं तर एक वगळलं गेलं असणार हे कळलं असतं, आणि मग ती रेघ शोधता आली असती.

परीक्षकांनी कोणतं उत्तर वगळलं हेही पाहायचं असतं. वगळायचं ते कमी गुणांचं. सीबीएसईच्या सूचनांत तसं स्पष्ट आहे: ज्या उत्तराला जास्त गुण मिळतात ते ठेवायचं, दुसऱ्यावर ज्यादा म्हणून शेरा मारायचा. मुलीच्या नऊ उत्तरांत सगळ्यांत कमी १ गुण आहे आणि तो चार प्रश्नांना मिळाला आहे, म्हणून त्यांतलं कोणतंही वगळलं तरी फरक पडत नाही. समजा तिथे २ गुणांचं उत्तर खोडून १ गुणाचं ठेवलं असतं, तर तो अर्जात लिहिण्याजोगा मुद्दा झाला असता. तसं झालेलं नाही.

तर दुबार पानाचे २, प्रश्न २७ चे ३ आणि ज्यादा प्रश्नाचा १, असे तुमचे सहा. ५३ मधून सहा गेले की ४७.

आता परीक्षकांचे ४४. यासाठी एक कागद घ्या आणि प्रश्नपत्रिकेच्या क्रमाने प्रश्न क्रमांक एकाखाली एक लिहा. उत्तरपत्रिकेच्या क्रमाने लिहू नका. मुलं पेपर सोडवतात त्यांच्या सोयीने. तुमच्या मुलीने आधी विभाग ड घेतला, मग ब, मग क. प्रत्येक क्रमांकासमोर तीन रकाने करा: कोणत्या पानावर, आत गोलात किती, आणि पहिल्या पानावरच्या तक्त्यात किती. न सोडवलेल्या प्रश्नासमोर आडवी रेघ मारा, जागा रिकामी ठेवू नका. मग बेरीज न करताच फक्त दुसरा आणि तिसरा रकाना शेजारी शेजारी वाचत खाली या. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे थांबा. सगळं तपासणं या वाचण्यातच होतं. बेरीज त्यानंतर, खात्रीसाठी.

तुमच्या प्रतीवरून मी हा कागद केला. विभाग अ मध्ये प्रश्न १ ला ७ आणि प्रश्न २ ला ५. आत आणि तक्त्यात दोन्हीकडे तेच. विभाग ब मध्ये प्रश्न ३ ला २, ४ ला १½, ५ ला १, ७ ला २, ८ ला १, ९ ला १½, ११ ला २ आणि १२ ला १. चौदावा ज्यादा. दोन्ही रकाने जुळतात, बेरीज १२. विभाग ड मध्ये प्रश्न २७ ला ३, २९ ला २½, ३० ला १½. तेही जुळतात, बेरीज ७.

विभाग क मध्ये आत प्रश्न १५ ला २, १६ ला ३, १८ ला १½, १९ ला २, २१ ला २½, २२ ला १, २४ ला ३ आणि २५ ला १. बेरीज १६. तक्त्यात हेच आकडे आहेत, फक्त प्रश्न २४ ची चौकट कोरी आहे. तिथे शून्य नाही, आडवी रेघ नाही, काहीच नाही. म्हणून तक्त्यात विभाग क चे १३ होतात. ७, ५, १२, १३ आणि ७ मिळवले की ४४.

इथे नीट लक्ष द्या. परीक्षकांची बेरीज चुकलेली नाही. तक्त्यात जे आकडे आहेत त्यांची टोटल बरोबर ४४ च होते. अक्षरातही चव्वेचाळीसच लिहिलं आहे. चुकलं आहे ते त्याच्या आधीचं पाऊल, आतला आकडा तक्त्यात आणण्याचं. म्हणून कुणी फक्त पहिलं पान घेऊन टोटल पुन्हा मारली तर त्यालाही ४४ च मिळतील आणि तो म्हणेल, सगळं ठीक आहे. ही चूक पकडायची तर आतली पानं आणि तक्ता एकत्रच पाहावा लागतो.

सुटलं कसं, तेही फोटोंत दिसतं. प्रश्न २४ मूळ उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर तळाशी सुरू होतो. मुलीने फेजर आकृती काढून दोन ओळी लिहिल्या आहेत आणि पान संपलं. पुढचं सगळं उत्तर पुरवणीच्या पहिल्या पानावर आहे. परीक्षकाने गुण उत्तर संपतं तिथे दिले, म्हणजे पुरवणीत. चोविसावा फोटो पाहा. उत्तराच्या शेवटच्या ओळीखाली बरोबरची खूण आहे आणि डाव्या समासात गोलात ३ आहेत. मूळ वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न २४ सुरू होतो तिथे समासात काहीच नाही. तक्ता भरताना माणूस वही चाळतो, समासातले गोल बघत चौकटी भरत जातो. वहीच्या शेवटच्या पानावर २४ पाशी गोल नाही म्हणून तो पुढे गेला. पुरवणीत २५ वा प्रश्न नवीन पानावर ठळक सुरू होतो, त्याचा १ तक्त्यात आला. मधला २४ राहिला. दोन वह्यांत विभागलेलं उत्तर हे गुण सुटण्याचं मी पाहिलेलं सगळ्यांत नेहमीचं ठिकाण आहे. परीक्षक असताना माझ्याकडूनही एकदा असंच एक उत्तर तक्त्यात यायचं राहिलं होतं. तेव्हाच्या नियामकांनी ते पकडलं आणि मला बोलावून दाखवलं. तेव्हापासून मी पुरवणीचं पहिलं पान उघडलं की आधी मागच्या पानावर काय अर्धवट आहे ते बघत असे. छायाप्रत तपासताना तुम्हीही नेमकं तिथेच आधी बघा.

कोरी चौकट आणि शून्य यांतला फरक अर्जात कामाला येतो. शून्य किंवा आडवी रेघ म्हणजे परीक्षकाने त्या प्रश्नाचा विचार केला आहे: तपासला आणि गुण मिळाले नाहीत, किंवा सोडवलेलाच नाही. कोरी चौकट म्हणजे तिथे विचारच झालेला नाही, किंवा प्रश्न सोडवला नाही आणि रेघ मारायची राहिली. तुमच्या तक्त्यात न सोडवलेल्या बाकी सगळ्या प्रश्नांपुढे आडवी रेघ आहे. कोरी चौकट एकच, २४ ची. परीक्षकांनी तीन देऊन नंतर काढून घेतले असं कुणालाही म्हणता येणार नाही, कारण आतल्या गोलावर खोडल्याची खूण नाही आणि तक्त्यात शून्यही नाही.

एका ठिकाणी तुम्ही बरोबर वाचलंत, ते सांगतो, कारण तिथे बरेच जण चुकतात. प्रश्न २१ ला आधी २ लिहिले आहेत, ते एका रेघेने खोडून वेगळ्या शाईत २½ केले आहेत आणि शेजारी लहान सही आहे. हा नियामकांचा बदल. नियामक काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो आणि गुण बदलले तर असा खोडून सही करतो. धरायचा तो सहीजवळचा शेवटचा आकडा, खोडलेला नाही. तक्त्यातही २½ आहेत. छायाप्रत काळीपांढरी आली असती तर शाईचा रंग कळला नसता. मग खोडलेली रेघ आणि सही यांवरूनच ओळखावं लागलं असतं.

अर्ध्या गुणांबद्दल. तुमच्या कागदावर सहा ठिकाणी ½ आहे. ते मनातल्या मनात मिळवत गेलात तर एखादा निसटतोच. माझी पद्धत अशी की पूर्ण गुण आणि अर्धे वेगळे मोजायचे. विभाग क मध्ये पूर्ण गुण २, ३, १, २, २, १, ३, १, म्हणजे १५. अर्धे दोन, १८ आणि २१ चे. दोन अर्धे म्हणजे एक, एकूण १६. विभाग ब मध्ये पूर्ण ११ आणि अर्धे दोन, एकूण १२. ड मध्ये पूर्ण ६ आणि अर्धे दोन, एकूण ७. प्रत्येक विभागात अर्धे जोडीने आले, म्हणून शेवटी अर्धा उरला नाही. उरला असता तर अपूर्णांक सगळ्या पेपरच्या टोटलला एकदाच वर नेतात, प्रत्येक प्रश्नाला नाही. काही पालक प्रत्येक १½ चे २ धरत जातात. तुमच्या पेपरात तसं केलं असतं तर तीन गुण उगाच वाढले असते. योगायोगाने तेवढाच खरा फरक आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. फरक ३ आला म्हणजे तो याच कारणाने आला, असं धरू नका.

फरकाच्या आकड्यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच असतो. फरक एखाद्या प्रश्नाच्या गोलाएवढा असेल तर तो प्रश्न सुटला किंवा दोनदा आला असावा. फरक नेमका दहाचा असेल तर हातचा राहिला असेल. नऊचा असेल तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली का ते पाहतात, ४५ चे ५४ असं. तुमचा फरकही नऊचाच होता. तेवढ्यावरून कुणी आकडे उलटे लिहिलेत का ते शोधत बसला असता तर त्याला काहीच मिळालं नसतं, कारण हा नऊ २, ३, १ आणि ३ मिळून झाला आहे. म्हणून ओळीने जुळवण्याला पर्याय नाही.

अर्जाचं. गुणपडताळणीत आतले सगळे गुण टोटलमध्ये आले का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात. एखाद्या उत्तराला गुण कमी दिलेत का हा त्यातला प्रश्न नाही. तो पुनर्मूल्यांकनाचा. तुमचा मुद्दा पूर्णपणे पहिल्या प्रकारचा आहे. प्रश्न २५ ला १ च का मिळाला, असं मुलगी म्हणते ते तुम्ही खाली लिहिलंय. ते उत्तर मी वाचलं. आकृतीत दिशादर्शक बाण नाहीत आणि शेवटचं समीकरण अपुरं आहे. मी तपासलं असतं तर १½ दिले असते कदाचित, जास्त नाही. तेवढ्यासाठी पुनर्मूल्यांकन मागा असं मी सांगणार नाही, आणि काहीही ठरवलंत तरी २४ च्या मुद्द्यात ते मिसळू नका. मुदतीकडे मात्र आजच बघा. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत करावा लागतो आणि त्याला छायाप्रत घेतलेली असणं सक्तीचं असतं. गुणपडताळणीची शेवटची तारीख निकालाच्या वेळच्या बोर्डाच्या प्रकटनात दिलेली असते. ती उलटून गेली असेल तर छायाप्रत आणि तुमचा कागद घेऊन कॉलेजमार्फत विभागीय मंडळाच्या कार्यालयात जा आणि तिथे प्रत्यक्ष उत्तरपत्रिकेवरची कोरी चौकट दाखवा.

अर्जातला मजकूर लहान ठेवा. आपल्याला किती गुण मिळायला हवेत याची चर्चा त्यात नको. असं लिहा:

"भौतिकशास्त्र, लेखी परीक्षा. प्रश्न २४ चे उत्तर मूळ उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर सुरू होऊन पुरवणीच्या पहिल्या पानावर संपते. पुरवणीच्या त्या पानाच्या डाव्या समासात या प्रश्नाला ३ गुण दिलेले आहेत. मुखपृष्ठावरील तक्त्यात प्रश्न २४ ची चौकट कोरी असून हे ३ गुण एकूण बेरजेत आलेले नाहीत. मुखपृष्ठावरील बेरीज ४४, आतील गुणांची बेरीज ४७. विभाग ब मधील ज्यादा प्रश्न १४ चा गुण या बेरजेत धरलेला नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. पडताळणी करणारा माणूस आतली बेरीज मारताना तुमच्यासारखाच आधी चौदाव्यापाशी अडखळेल. त्याला ४८ मिळाले आणि तुमच्या अर्जात ४७ असले तर तो विचारात पडेल. त्याचा हिशोब आणि तुमचा हिशोब एकाच आकड्यावर यायला हवा.

सोबत दोनच फोटो छापून जोडा: तक्ता दिसणारं पहिलं पान आणि चोविसावा फोटो. चोविसावा मात्र पुन्हा काढा. खिडकीशेजारी, फ्लॅश बंद ठेवून, पान सपाट धरून, पुरवणीचा क्रमांक आणि समासातला गोल दोन्ही एकाच चौकटीत येतील असा. आत्ताच्या फोटोत तुमच्या अंगठ्याची सावली बरोबर त्या ३ वर पडली आहे.